बिलाचा साचा: काय गोठवायचं आणि काय हलतं ठेवायचं

छोट्या सेवा व्यवसायांचे हिशेब लिहिताना बिलाचा 'साचा' म्हणून बहुतेक वेळा एकच गोष्ट हाती येते: मागच्या महिन्याची वर्ड फाइल. ती उघडायची, Save As करायचं, नाव आणि रक्कम बदलायची आणि पाठवून द्यायची. काहीतरी बदलायचं राहतंच. कधी जुनी तारीख राहते, कधी बिल नंबर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आधीच्या ग्राहकाचा जीएसटी नंबर. शिवाय कोणाकडून किती येणं बाकी आहे, हे त्या वीस-पंचवीस फायलींमधून कळत नाही.

त्यापेक्षा गूगल शीट्समध्ये एकच फाइल करावी. ती फुकट आहे आणि मोबाइलवरही उघडते. उदाहरण म्हणून पुण्यातला एक एसी दुरुस्तीचा व्यवसाय घेऊ. मालक, तीन कारागीर, जीएसटी नोंदणी झालेली, ग्राहकांत घरं आणि ऑफिसं दोन्ही. ट्रान्सलेटर, फोटोग्राफर, हिशेबनीस, पेस्ट कंट्रोलवाले यांनाही हीच रचना चालते, फक्त कामांची नावं बदलतील.

पाच पानं

फाइलमध्ये पाच टॅब करा: 'माहिती', 'ग्राहक', 'नोंद', 'कामे' आणि 'बिल'. 'माहिती'मध्ये तुमचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर आणि बँकेचा तपशील. 'ग्राहक'मध्ये प्रत्येकाला एक छोटा कोड आणि त्यापुढे नाव, पत्ता, जीएसटी नंबर. 'नोंद'मध्ये एका बिलाला एक ओळ. 'कामे'मध्ये बिलातल्या प्रत्येक कामाला एक ओळ. 'बिल' हे ग्राहकाला जाणारं पान. त्यावर हाताने फक्त बिल नंबर निवडायचा, बाकी सगळं इतर टॅबमधून आपोआप येतं.

सुरुवात करण्याआधी File → Settings मध्ये जाऊन Locale ला India निवडा. ते United States असेल तर तुम्ही लिहिलेलं 05/06/2026 म्हणजे ५ जून नव्हे, ६ मे धरलं जातं, आणि पडद्यावर काहीच चुकल्यासारखं दिसत नाही. ओळखण्याची खूण अशी: 13/06/2026 लिहून पाहा. आकडा चौकटीत उजवीकडे सरकला तर ती तारीख आहे. डावीकडेच राहिला तर शीटने त्याला नुसता मजकूर मानलंय.

आता महत्त्वाची गोष्ट. अशा फाइलमध्ये काही माहिती लिहिल्या क्षणी गोठली पाहिजे आणि काही रोज बदलत राहिली पाहिजे. बिलाची तारीख, क्रमांक, दर, कराचे टक्के, ठरलेली मुदत हे गोठवायचं. किती बाकी, मुदत उलटून किती दिवस झाले, हे हलतं ठेवायचं. साचे बिघडतात ते बहुधा या दोहोंची अदलाबदल झाल्यामुळे. नेहमीचा प्रकार म्हणजे बिलाच्या तारखेच्या जागी `=TODAY()` टाकणं. आज ते बरोबर दिसतं. तीन महिन्यांनी तेच बिल उघडलं की त्यावर त्या दिवसाची तारीख असते. तारीख हातानेच लिहा. `Ctrl+;` दाबलं की आजची तारीख पडते आणि तशीच राहते.

बिलाचा क्रमांक

जीएसटीचा नियम साधा आहे. क्रमांक ओळीने असावा, आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये, आणि सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा. त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते. नोंदणी नसली तरी हीच शिस्त ठेवा, कारण पुढे नोंदणी झाली तर पद्धत बदलावी लागत नाही.

आपल्या उदाहरणात क्रमांक `AC/26-27/041` असा असेल. ही बारा अक्षरं झाली. ग्राहकाचं नाव किंवा महिना क्रमांकात घालायचा मोह टाळा. त्याने सोळाची मर्यादा लवकर गाठली जाते, आणि एका बिलाला ग्राहक बदलला की क्रमांकच खोटा ठरतो.

'नोंद' टॅबमध्ये A मध्ये तारीख, B मध्ये नुसता क्रम, म्हणजे 41, आणि C मध्ये हे सूत्र:

```
=IF(B2="","","AC/"&TEXT(EDATE(A2,-3),"yy")&"-"&TEXT(EDATE(A2,9),"yy")&"/"&TEXT(B2,"000"))
```

तारीख तीन महिने मागे नेली की आर्थिक वर्षाची सुरुवात कोणत्या सालात झाली ते मिळतं, आणि नऊ महिने पुढे नेली की शेवट कोणत्या सालात होतो ते. १२ जून २०२६ ला 26-27 येतं, आणि २० मार्च २०२७ लाही 26-27 च.

B मधला क्रम मात्र हाताने लिहा. ओळ मोजून क्रम देणारं सूत्र, उदाहरणार्थ `=ROW()-1`, टाकलं तर काम सोपं वाटतं. पण कोणीतरी यादी ग्राहकाच्या नावाने लावली किंवा मधली एक ओळ उडवली, की पाठवून झालेल्या बिलांचे नंबर बदलतात. ग्राहकाकडच्या कागदावर एक आणि तुमच्याकडे दुसरं.

हाताने लिहिताना एखादा क्रम दोनदा पडू शकतो. त्यावर पहारा बसवायचा असेल तर C2 पासून खालचा C स्तंभ निवडा, Format → Conditional formatting मध्ये Custom formula is घ्या आणि खालचं सूत्र देऊन लाल रंग निवडा:

```
=AND($C2<>"",COUNTIF($C$2:$C,$C2)>1)
```

बिल रद्द झालं तर ओळ काढून टाकू नका. रक्कम शून्य करा, शेरा 'रद्द' लिहा आणि पुढचा क्रम घ्या. ४०, ४१, ४३ अशी उडी दिसली की सीए पहिला प्रश्न ४२ बद्दल विचारतात. बिल ग्राहकाकडे जाऊन विवरणपत्रातही धरलं गेलं असेल तर नुसतं रद्द करून भागत नाही, क्रेडिट नोट काढावी लागते.

पैसे देण्याची शेवटची तारीख

बिलावर '३० दिवसांत' असं लिहिण्यापेक्षा तारीखच छापा. तीस दिवस कधीपासून, बिलाच्या तारखेपासून की बिल मिळाल्यापासून, हा वाद मग उरत नाही. ऑफिसात बिल तपासणाऱ्यालाही त्याच्या यादीत टाकायला तारीख हवी असते.

'नोंद'मध्ये D ला ग्राहकाचा कोड, E ला ग्राहकाने दिलेला पीओ नंबर, F ला मुदतीचे दिवस आणि G ला ही तारीख:

```
=IF(A2="","",WORKDAY(A2+F2-1,1))
```

नुसतं A2+F2 केलं असतं तरी चाललं असतं. पण १२ जून २०२६ मध्ये ३० दिवस मिळवले की १२ जुलै येते, आणि त्या दिवशी रविवार आहे. वरचं सूत्र शनिवार-रविवार टाळून सोमवार, १३ जुलै देतं. शनिवारीही पैसे देणारे ग्राहक असतील तर साधी बेरीज ठेवा.

F मधले दिवस 'ग्राहक' टॅबमधून आपोआप आणायचे का? मी आणत नाही. उद्या त्या ग्राहकाशी १५ दिवसांचं ठरलं आणि तुम्ही तिथे आकडा बदलला, की सगळ्या जुन्या बिलांच्या तारखा मागे सरकतील. कराच्या टक्क्यांचंही तसंच आहे. ते 'माहिती'मध्ये एका ठिकाणी न ठेवता 'नोंद'च्या H स्तंभात प्रत्येक बिलासमोर लिहा.

मुदत किती द्यायची हा तुमचा आणि ग्राहकाचा व्यवहार आहे, पण एक कायदेशीर मर्यादा माहीत असावी. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागू होतं. व्याज वसूल करणं ही वेगळी लढाई आहे. व्यवहारात जास्त उपयोगी पडते ती आयकरातली तरतूद: अशा उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर ग्राहक कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. म्हणून मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःहून 'उद्यम आहे का' विचारायला लागतात. उद्यम नंबर बिलावर छापून ठेवा, आणि नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा.

'उशीर झाल्यास १८ टक्के व्याज' ही ओळ बिलाच्या तळाशी सगळेच छापतात. ती कोटेशनमध्ये किंवा वर्क ऑर्डरमध्येही असेल तरच तिला वजन आहे. काम झाल्यावर पहिल्यांदाच बिलावर दिसलेली अट ग्राहकाने मान्य केली होती, असं म्हणणं अवघड जातं.

एक बिल पूर्ण करून पाहू

ग्राहक हिंजवडीतल्या एका खासगी कंपनीचं ऑफिस, कोड HJ01. १२ जून २०२६. 'कामे' टॅबमध्ये A ला बिल नंबर, B ला काम, C ला नग, D ला दर आणि E ला `=C2*D2`. ओळी तीन: स्प्लिट एसी सर्व्हिसिंग १२ नग, दर ६५०, म्हणजे ७,८००. गॅस भरणे २ नग, दर २,८००, म्हणजे ५,६००. ड्रेन पाइप साफ करून पुन्हा जोडणे ३ नग, दर ४००, म्हणजे १,२००. बेरीज १४,६०० रुपये. A मधला नंबर टाइप करू नका. Data → Data validation मधून 'नोंद'च्या C स्तंभाची यादी लावा आणि निवडा. एक तिरकी रेघ चुकली तरी ती ओळ बिलातून गायब होते.

'नोंद'च्या I मध्ये एकूण:

```
=ROUND(SUMIF('कामे'!A:A,C2,'कामे'!E:E)*(1+H2),0)
```

H मध्ये 18% असल्याने १४,६०० वर कर २,६२८ आणि एकूण १७,२२८.

आता 'बिल' टॅब. F2 मध्ये बिल नंबरची तीच यादी लावा. ग्राहकाचा कोड असा येतो:

```
=XLOOKUP($F$2,'नोंद'!C:C,'नोंद'!D:D)
```

त्या कोडवरून नाव, पत्ता, जीएसटी नंबर 'ग्राहक'मधून याच पद्धतीने आणा. तारीख, देय तारीख आणि पीओ नंबर 'नोंद'मधून. पीओ नंबर छोटा तपशील वाटतो, पण मोठ्या ऑफिसात त्याच्याशिवाय बिल सिस्टिममध्ये चढतच नाही, आणि ते कोणी कळवतही नाही. महिनाभराने तुम्ही फोन केल्यावर समजतं.

कामांच्या ओळींसाठी एकच सूत्र पुरतं:

```
=FILTER('कामे'!B2:E,'कामे'!A2:A=$F$2)
```

या सूत्राच्या ओळीसकट दहा ओळी मोकळ्या ठेवा. एखाद्या बिलात अकरावं काम आलं आणि खाली बेरजेची ओळ असली, तर `#REF!` दिसेल. घाबरू नका, जागा कमी पडलीय इतकाच त्याचा अर्थ. मध्ये ओळी घाला. बेरीज मात्र या दिसणाऱ्या ओळींची करू नका, SUMIF ने थेट 'कामे'मधून घ्या, म्हणजे दिसण्यात गडबड झाली तरी आकडा बरोबर राहतो.

कर कसा दाखवायचा? नोंदणीकृत ग्राहकाच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्र 27, गोवा 30. तुम्ही पुण्यात आणि ग्राहकाचा नंबर 27 ने सुरू होत असेल तर सीजीएसटी ९ टक्के आणि एसजीएसटी ९ टक्के, म्हणजे इथे १,३१४ आणि १,३१४. पणजीच्या नोंदणीवर बिल मागितलं तर आयजीएसटी १८ टक्के. `LEFT` ने पहिले दोन आकडे घेऊन `IF` लावलं की हे आपोआप ठरतं. एसी दुरुस्तीचा सेवा कोड 9987; वार्षिक उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर नोंदणीकृत ग्राहकाच्या बिलावर चार आकडी कोड पुरतो.

नोंदणी नसेल तर हा सगळा भाग काढून टाका. महाराष्ट्रात आणि गोव्यात सेवा व्यवसायाला सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण नोंदणीशिवाय बिलावर जीएसटी लावता येत नाही. 'टॅक्स इन्व्हॉइस' हे शीर्षकही मग टाकू नका, नुसतं 'बिल' किंवा 'इन्व्हॉइस' पुरे. H मध्ये 0% लिहा, बाकी साचा तोच चालतो.

पैसे कुठे पाठवायचे

खात्यावरचं नाव, खाते क्रमांक, बँक आणि शाखा, आयएफएससी, यूपीआय आयडी. एवढंच लागतं, पण चुकायला जागा भरपूर.

खाते क्रमांक लिहिण्याआधी ती चौकट Format → Number → Plain text करा. नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात, आणि फार लांब क्रमांकाचे शेवटचे आकडे बदलूही शकतात. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं स्थान नेहमी शून्याचं असतं, तिथे इंग्रजी ओ टाइप झालेला मी अनेकदा पाहिला आहे. खात्यावरचं नाव पासबुकात आहे तसंच घ्या. व्यवसायाचं नाव पाटीवर वेगळं असेल आणि खातं तुमच्या स्वतःच्या नावाने असेल, तर बिलावर दोन्ही स्पष्ट लिहा. एनईएफटी करताना आता बँक खातेदाराचं नाव दाखवते. ते बिलाशी जुळलं नाही की अकाउंट्सवाले हात आखडता घेतात.

यूपीआयसाठी रक्कम आणि बिल नंबर आधीच भरलेला क्यूआर तयार करता येतो. बिलाच्या छापील भागाबाहेर, समजा J1 मध्ये ही लिंक बनवा. यात 'माहिती'च्या B1 मध्ये नाव, B4 मध्ये यूपीआय आयडी आणि बिलाची एकूण रक्कम F30 मध्ये आहे असं धरलंय:

```
="upi://pay?pa="&'माहिती'!B4&"&pn="&ENCODEURL('माहिती'!B1)&"&am="&TEXT(F30,"0.00")&"&cu=INR&tn="&ENCODEURL($F$2)
```

आणि जिथे क्यूआर हवा तिथे:

```
=IMAGE("https://quickchart.io/qr?text="&ENCODEURL(J1))
```

पहिल्यांदा शीट बाहेरचं चित्र आणायची परवानगी मागेल. लक्षात घ्या की यात तुमचा यूपीआय आयडी आणि रक्कम त्या संकेतस्थळाकडे जाते. ते नको असेल तर बँकेच्या ॲपमधला तुमचा कायमचा क्यूआर चित्र म्हणून चिकटवा, फक्त रक्कम ग्राहकाला भरावी लागेल. कोणताही क्यूआर असो, आधी दुसऱ्याच्या फोनवरून स्कॅन करून नाव आणि रक्कम तपासा. यूपीआय आयडी खाली अक्षरांतही छापा, कारण व्हॉट्सॲपवर आलेलं बिल ज्या फोनवर असतं, त्याच फोनच्या कॅमेऱ्याने ते स्कॅन करणं जमत नाही.

पाठवणं आणि पैसे जमा करून घेणं

बिल तयार झालं की File → Download → PDF. कागद A4, Scale ला Fit to width, Show gridlines ची खूण काढा, आणि Current sheet निवडा. नाहीतर तुमची सगळी ग्राहकयादी त्या ग्राहकाकडे जाईल. फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून `AC-26-27-041.pdf`. ही पीडीएफ वर्षाच्या फोल्डरमध्ये जपा. ग्राहकाने ऑफिस हलवलं आणि तुम्ही 'ग्राहक'मध्ये पत्ता बदलला, की शीटमधलं जुनं बिल नवा पत्ता दाखवायला लागतं. त्यामुळे पाठवलेलं खरं बिल म्हणजे पीडीएफच. ग्राहकाने प्रत मागितली तर तीच पाठवा, शीटमधून नव्याने काढू नका.

पैसे आले की 'नोंद'च्या J मध्ये मिळालेली रक्कम आणि K मध्ये टीडीएस. हा वेगळा स्तंभ ठेवलाच पाहिजे. आपल्या कंपनीचं वर्षभराचं काम एक लाखाच्या वर जातंय असं धरू. मग ती कंत्राटी कामावर वैयक्तिक मालकीच्या व्यवसायाचा १ टक्का कापते. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असल्याने कपात १४,६०० वर होते, १७,२२८ वर नाही. म्हणजे १४६ रुपये कापून खात्यात १७,०८२ येतात. स्तंभ नसेल तर हे १४६ रुपये कायम 'येणे बाकी' दिसतात आणि तुम्ही उगाच फोन करत राहता. कपात १७२ ची झाली असेल तर त्यांनी करासकट रकमेवर टीडीएस धरलाय, तेव्हा मात्र फोन करा.

L मध्ये बाकी `=I2-J2-K2`, आणि M मध्ये स्थिती. इथे `TODAY()` योग्य जागी येतं:

```
=IF(A2="","",IF(L2<1,"मिळाले",IF(TODAY()>G2,"मुदत उलटून "&(TODAY()-G2)&" दिवस","बाकी")))
```

शून्याऐवजी 1 घेतलाय तो रुपयापेक्षा लहान फरकासाठी. दर सोमवारी या स्तंभावर नजर टाका आणि मुदत उलटलेल्यांना निरोप धाडा: 'बिल AC/26-27/041, १२ जून, १७,२२८ रुपये, देय तारीख १३ जुलै. पीडीएफ सोबत आहे. पैसे कधी जमा होतील ते कळवावे.' निरोपात नंबर, रक्कम आणि पीडीएफ तिन्ही असले की समोरच्याला 'बिल परत पाठवा' म्हणून आठवडा काढता येत नाही.

१ एप्रिलला करायचं ते फार थोडं. B मध्ये पुन्हा 1 पासून सुरुवात करा. C मधलं वर्ष तारखेवरून स्वतःच 27-28 होईल. जुनी फाइल तशीच ठेवून नवी प्रत काढली तरी चालेल, फक्त पैसे न आलेली बिलं जुन्या फाइलमध्ये पाहायला विसरू नका. मार्चच्या शेवटी झालेल्या कामाचं बिल एप्रिलमध्ये काढलं तर त्याला एप्रिलची तारीख आणि नव्या वर्षाचा नंबर द्या, मागची तारीख टाकू नका. सेवा पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांच्या आत बिल काढायला जीएसटीची मुभा आहे. ते उत्पन्न कोणत्या वर्षात धरायचं ते सीए पाहतील. त्यांच्यासाठी कामाची खरी तारीख 'कामे'मधल्या वर्णनात लिहून ठेवा.